ईव्ह ऑनलाइनच्या सहा विंडो एकाच संगणकावर: चौथीपासून धक्के, सहावी आपोआप बंद. आधी काय बदलू?

रामबागकर (इंदूर)

मंडळी, नमस्कार. गेली चार वर्षं ईव्ह ऑनलाइन हा अवकाशातल्या जहाजांचा गेम खेळतोय. आता माझी सहा खाती झाली आहेत, सगळी ओमेगा म्हणजे पैसे भरलेली, कारण अल्फा म्हणजे फुकटचं खातं दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी लॉगिन होत नाही. एका खात्यावर ऑर्का हे मोठं जहाज, चारांवर खनिज काढणारं रिट्रीव्हर आणि सहावं माल वाहायला. रात्री जेवणं आटोपली की दोन तास हा ताफा घेऊन खनिज काढायचं, एवढाच माझा खेळ आहे.

संगणक असा: i5-10400, १६ जीबी रॅम, GTX 1650 चार जीबीचं, ५१२ जीबी एसएसडी, दोन मॉनिटर.

तीन विंडोपर्यंत सगळं लोण्यासारखं चालतं. चौथी उघडली की एका विंडोतून दुसरीत जायला दोन-तीन सेकंद लागतात. जहाज आधी चिखलाच्या गोळ्यासारखं दिसतं, मग हळूहळू त्यावर रेघा उमटतात. पाचवी कशीबशी चालते. सहावी उघडते, स्टेशन दिसतं, आणि अर्ध्या मिनिटात विंडोच गायब. काही संदेशही येत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ६३ टक्के आणि रॅम ८४ टक्के, म्हणजे दोन्हीत जागा शिल्लक दिसते. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळंच बदला. तीस हजारांच्या आत बसवायचंय. आधी कशाला हात घालू?

विजयनगर_वाला (इंदूर)

भिया, सरळ हिशोब आहे. एका क्लायंटला, म्हणजे गेमच्या एका विंडोला, दोन जीबी, सहांना बारा, विंडोजला चार. सोळा तिथेच संपले. ३२ जीबी करून टाक, ग्राफिक कार्डाला हात लावू नकोस. ईव्ह काही जड गेम नाही, 1650 त्याला पुरून उरतं.

आणि पेजफाइल, म्हणजे रॅमला टेकू देणारी डिस्कवरची फाइल, बंद कर. एसएसडी उगाच घासली जाते. माझ्याकडे तीन वर्षं बंद आहे, काही बिघडलेलं नाही.

मांजलपूरची_मेधा (बडोदा)

माझाही हाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. मुलगा संगणकावर एम्युलेटर टाकून मोबाइलचा गेम एकदम चार वेळा उघडतो. पहिलाच इतका रखडतो की विचारू नका. आमच्याकडे आठ जीबी रॅम आहे. आम्हीही ३२ करायची का?

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

मेधाताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे पहिलीच प्रत रखडते, रामबागकरांकडे चौथी. टास्क मॅनेजरमध्ये Performance, मग CPU असं उघडा. खाली `Virtualization` लिहिलेलं दिसेल. तिथे `Disabled` असेल तर रॅम कितीही घातली तरी एम्युलेटर रांगतच राहील. ते बायोसमधून चालू करावं लागतं. चार प्रतींना आठ जीबी पुढे कमी पडेलच, पण आधी हे बघा, याला पैसे लागत नाहीत.

रामबागकर, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत, म्हणून सांगतो. तुमच्याकडे एक नाही, दोन बिघाड आहेत. चौथ्या विंडोचा धक्का आणि सहाव्या विंडोचं गायब होणं यांचं मूळ एक नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मोजा.

टास्क मॅनेजरच्या Details मध्ये जा, वरच्या पट्टीवर उजवी टिचकी मारा, `Select columns` मधून तीन रकाने चालू करा: `Commit size`, `Dedicated GPU memory`, `Shared GPU memory`. ईव्हचा प्रत्येक क्लायंट तिथे `exefile.exe` या नावाने दिसतो. आधी एकही क्लायंट न उघडता आकडे लिहा. मग एक उघडा, स्टेशनात दोन मिनिटं थांबा, लिहा. मग दुसरा. प्रत्येक वेळी Performance च्या Memory पानावर `Committed` पुढे जो अपूर्णांकासारखा आकडा असतो तो पण टिपा, दोन्ही बाजूंचा. त्याच पानावर `Slots used` काय दाखवतंय तेही सांगा.

कार्डाची मेमरी सतत दिसत राहावी म्हणून शेजारी ही विंडो उघडी ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=memory.used,memory.total --format=csv -l 2
```

आणि पेजफाइलबद्दल विजयनगरवाल्यांनी सांगितलंय ते तूर्त करू नका.

रामबागकर (इंदूर)

काका, काल रात्री बसून कागदावर टिपलं.

काहीच न उघडता, फक्त ब्राउझर (बारा-पंधरा टॅब): Committed ६.२, कार्डावर ०.७ जीबी.
प्रत्येक क्लायंटमागे: Commit size साधारण २.१, कार्डावर साधारण १ जीबी.
तीन क्लायंट: कार्डावर ३.७, Shared जवळजवळ शून्य.
पाच क्लायंट: कार्डावर ३.८ वर अडकलं, Shared १.९. Committed १६.७/१६.९.
Slots used: 1 of 2.

पेजफाइल मी दोन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघून १ जीबीवर बांधून ठेवली होती, ते आता आठवलं.

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

तुमच्या कागदावरच उत्तर आहे. जरा सावकाश बघू.

आधी धक्का. कार्ड चार जीबीचं. विंडोज आणि ब्राउझर मिळून ०.७ खातात, तीन क्लायंट तीन जीबी. ३.७ झाले, भरत आलं. चौथ्याला जागाच नाही. मग ड्रायव्हर काय करतो, ज्या विंडोकडे तुम्ही बघत नाही तिचे टेक्स्चर उचलून संगणकाच्या रॅममध्ये ठेवतो. तेच तुमचे Shared मधले १.९. तुम्ही त्या विंडोवर गेलात की सगळं परत कार्डावर आणायचं आणि दुसऱ्या कोणाचं तरी बाहेर काढायचं. चिखलाचा गोळा दिसतो तो या ने-आणीच्या वेळात. म्हणजे धक्क्याचं कारण रॅम नाही, कार्डाची मेमरी आहे. कार्डाची ताकद कमी पडते असंही नाही. पोळ्या लाटणारी वेगात आहे, पोळपाट लहान आहे.

आता गायब होणं. Committed म्हणजे कार्यक्रमांनी मागून ठेवलेली आणि विंडोजने द्यायचं कबूल केलेली मेमरी. विंडोज कबूल करतं ते रॅम अधिक पेजफाइल एवढंच. तुमचे १५.९ आणि १ मिळून १६.९. पाच क्लायंटवर १६.७ झाले. सहाव्याला २.१ हवेत, उरलेत ०.२. त्याने मागितले, विंडोजने नाही म्हटलं, क्लायंट मेला. प्रत्यक्ष रॅम ८४ टक्केच भरली होती, कारण मागून ठेवलेलं सगळं वापरात आलेलं नव्हतं. त्यामुळे तो आकडा बघून कोणालाही जागा आहे असंच वाटेल.

म्हणून पेजफाइल बंद करायची नाही, उलट विंडोजच्या हवाली करायची. System managed size निवडा आणि संगणक परत सुरू करा. सहावी विंडो उभी राहायला हवी.

प्रोसेसरचे ६३ टक्केही फसवतात. तुमच्या i5 मध्ये सहा कोर, बारा थ्रेड. एक थ्रेड पूर्ण पिळला गेला तरी टास्क मॅनेजर ८.३ टक्केच दाखवतो. ईव्हचं बरंचसं काम पायथनमध्ये आहे आणि ते एकाच थ्रेडवर रांग लावून चालतं. एखादा `exefile.exe` आठ टक्क्यांवर चिकटून बसलेला दिसला तर तो आरामात नाही, त्याची पट्टी संपली आहे असं समजा.

विजयनगर_वाला (इंदूर)

काका, पेजफाइलचं पटलं. माझी बंद असून चालते कारण माझ्याकडे ३२ जीबी आहेत आणि मी दोनच खाती चालवतो, हे मी लिहायला हवं होतं. पण म्हणजे रॅम वाढवल्याने सहावी विंडो चालेलच ना? मग माझा सल्ला बरोबरच होता.

आणि सहा विंडोत फिरायचंच कशाला? एक कळ दाबली की सहाही जहाजांना आदेश जाईल असं सॉफ्टवेअर मिळतं. एकाच विंडोकडे बघायचं, धक्के कशाला जाणवतील?

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

रॅम वाढवली तर सहावी चालेल, हे खरं. चौथीचा धक्का मात्र तसाच राहील, आणि धागा मुख्यतः त्यासाठी आहे.

ते सॉफ्टवेअर अजिबात नको. एकच कळ अनेक क्लायंटना पाठवणं ईव्हमध्ये १ जानेवारी २०१५ पासून बंद आहे. अनेक खाती चालवायला हरकत नाही, पण प्रत्येक विंडोत आदेश आपल्या हाताने द्यायचा. नाहीतर सहाही खात्यांवर बंदी येऊ शकते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही २०२० च्या नोव्हेंबरात हेच केलं. म्हणून तर विंडो पटापट बदलता येणं हीच इथली खरी गरज आहे.

रामबागकर, खर्च न करता करायच्या तीन गोष्टी.

पहिली, लाँचरमध्ये सेटिंगचं दुसरं प्रोफाइल करा. पाच खाती त्यावर टाका आणि तिथे टेक्स्चर, शेडर, सावल्या सगळं सगळ्यात खाली आणा. ऑर्का तेवढी आधीच्या प्रोफाइलवर राहू द्या. खनिज काढणाऱ्या जहाजाकडे आपण बघतो कुठे, त्याचा ओव्हरव्ह्यू आणि मालाची खोली दिसली की झालं.

दुसरी, ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, नाहीतर खेळताना तो मिटून ठेवा. त्याचे ०.३-०.४ जीबी म्हणजे जवळजवळ एक हलका क्लायंट.

तिसरी, NVIDIA Control Panel मध्ये `Background Application Max Frame Rate` ३० करा. मागच्या पाच विंडो मग विनाकारण पळणार नाहीत. याने कार्डाची मेमरी वाचत नाही, प्रोसेसर मोकळा होतो. दोन्हीत गल्लत नको.

दांडियाबाजार_१९ (बडोदा)

काकांच्या ने-आणीच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. मी गेल्या वर्षी चार जीबीचंच एक कार्ड घेतलं, 1650 पेक्षा नवं आणि चाचण्यांमध्ये जास्त वेगवान. एक क्लायंट खरंच सुंदर चालायचा. चार उघडले की 1650 पेक्षा वाईट हाल. महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलो. मग कळलं की त्या कार्डाला मदरबोर्डशी बोलायला चारच लेन आहेत, आणि माझा बोर्ड PCIe 3.0 चा. 1650 ला सोळा लेन असतात. मेमरी भरली की सगळी ने-आण त्या चार लेनच्या बोळातून. मेमरी भरेपर्यंत हे कळतच नाही, म्हणून कोणी नवं कार्ड घेणार असेल तर मेमरीबरोबर लेनही विचारा.

दुसरं, रामबागकर, तुमचा प्रोसेसर F नसलेला आहे ना? मग त्यात UHD 630 हे स्वतःचं ग्राफिक आहे. दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा. मी तसं केल्यावर कार्डावरची बरीच मेमरी सुटली.

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

लेनचं अगदी बरोबर.

मॉनिटरच्या युक्तीबद्दल मी साशंक आहे. त्या मॉनिटरवर ब्राउझर आणि नकाशे ठेवणार असाल तर ठीक. गेमची विंडो तिथे ओढली की ती रंगवायची कार्डाने आणि दाखवायची दुसऱ्याने, म्हणजे प्रत्येक फ्रेमची नक्कल इकडून तिकडे. ती रॅममधूनच जाणार, आणि रामबागकरांकडे रॅमची एकच स्टिक आहे.

हेच सांगायचं राहिलं होतं. Slots used: 1 of 2, म्हणजे रॅम एकाच वाटेने चालते. i5-10400 ला DDR4-2666 लागते, एका स्टिकवर सेकंदाला साधारण २१ जीबी, दोनवर ४२. एक क्लायंट चालवणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. सहा क्लायंट, त्यात कार्डाची ने-आण, सगळे त्या एकाच वाटेवर. म्हणून जी आहे तशीच १६ जीबीची दुसरी स्टिक घ्या. विजयनगरवाले म्हणत होते त्या ३२ वरच आपण येतोय, पण सोळाची एक काढून बत्तीसची एकच घालू नका. कारण वेगळं आहे, म्हणून खरेदीही वेगळी.

दांडियाबाजार_१९ (बडोदा)

काका, माझ्या दुसऱ्या मॉनिटरवर दोन गेम विंडो असतात आणि मला नक्कल वगैरे काही जाणवत नाही. माझ्याकडे दोन स्टिक आहेत हे मात्र खरं.

रामबागकर (इंदूर)

आठवड्याने लिहितोय, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो.

सोमवारी फक्त पेजफाइल विंडोजच्या हवाली केली. सहावी विंडो उभी राहिली आणि दोन तास टिकली. धक्के होते तसेच.

मंगळवारी दुसरं प्रोफाइल. हलका क्लायंट कार्डावर १ ऐवजी ०.४५ जीबी घेतो. ब्राउझरचं अ‍ॅक्सिलरेशन बंद केल्यावर सुरुवातीचे ०.७ चे ०.४ झाले. ऑर्का १, पाच रिट्रीव्हर-मालवाहू मिळून २.२५, म्हणजे ३.६५. काका, `nvidia-smi` च्या विंडोत तो आकडा चारच्या आत थांबलेला बघून मी बायकोला हाक मारून दाखवला. Shared शून्याजवळ. विंडो बदलायला दोन सेकंद लागायचे, आता बोट उचलायच्या आत समोर.

बुधवारी मागच्या विंडोंना ३० ची मर्यादा. प्रोसेसर ६३ वरून ३८ वर आला, आणि पंख्याचा आवाजही उतरला. मेच्या उन्हात माझ्या खोलीला याची गरजच होती.

शनिवारी सिल्वर मॉलला जाऊन जुळणारी १६ ची स्टिक आणली. लघुग्रहांच्या पट्ट्यात सहाही जहाजं काम करत असताना ऑर्काच्या विंडोत ४१ फ्रेम मिळायच्या, आता ५५ च्या आसपास.

एक अडचण उरली. मालवाहू घेऊन जिता ४-४ या बाजाराच्या स्टेशनला गेलो की तिथल्या गर्दीत कार्ड परत भरतं. आणि गेल्या रविवारी मोठ्या लढाईत तीन खाती नेली तर सगळंच गोगलगाय झालं. आता कार्ड बदलू का? RTX 3060 बारा जीबीचं मनात आहे.

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

एकेक गोष्ट बदलली म्हणून तुम्हाला आज नक्की ठाऊक आहे कशाने काय झालं.

जितासाठी कार्ड घेऊ नका. त्या एका क्लायंटमध्ये `Ctrl+Shift+F9` दाबा, त्रिमितीय दृश्य बंद होतं, ओव्हरव्ह्यू आणि बाजाराच्या विंडो चालू राहतात. माल विकायला तेवढं बस. परत तीच कळ दाबली की दृश्य येतं. अवकाशात शत्रू असताना मात्र हे करू नका.

लढाईच्या वेळी डाव्या कोपऱ्यात वर टाइम डायलेशनची खूण बघितलीत का? फार जहाजं एकत्र आली की सर्व्हर स्वतःच वेळ मंद करतो, पार १० टक्क्यांपर्यंत. ती खूण पेटलेली असेल तर हजारोंचं कार्ड घालूनही काहीच हलणार नाही. खूण नसताना विंडो अडखळत असेल आणि तो `exefile.exe` आठ टक्क्यांवर चिकटला असेल, तर एका थ्रेडची ताकद कमी पडते. त्यावर उपाय जास्त कोरचा नाही, प्रत्येक कोर वेगवान असलेल्या प्रोसेसरचा. म्हणजे तुमच्यासाठी बहुधा बोर्डही नवा. तो खर्च तीन खात्यांच्या अधूनमधूनच्या लढाईसाठी मी करणार नाही.

सहाही विंडो चांगल्या दृश्यात हव्या असतील, तर बारा जीबी उपयोगी पडतील. तुमच्याच आकड्यांनी ०.४ अधिक सहा, म्हणजे साडेसहाच्या आत. आठचं कार्डही पुरेल, जितासाठी थोडी जागा ठेवून. पण 3060 एकटं १७० वॅट घेतं, तुमचं 1650 ७५ मध्ये भागवतं. तुमचा पॉवर सप्लाय कोणता?

रामबागकर (इंदूर)

कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा. उघडून बघितलं, कार्डाला लावायची आठ पिनची वायरच नाही.

विजयनगर_वाला (इंदूर)

भिया, यूपीएस पण बघ. माझा ६०० व्हीएचा आहे, त्यावर मागे ३६० वॅट लिहिलंय. मोठं कार्ड घातल्यावर दिवे गेले की तो किंचाळून लगेच बंद पडायचा. दोन मॉनिटर त्यावरच होते.

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

मग कार्डाच्या किमतीत साधारण ५५० वॅटचा चांगला सप्लाय धरा आणि यूपीएसही धरा. कॅबिनेटबरोबरच्या सप्लायवर जोड-वायर लावून 3060 चालवू नका.

रामबागकर (इंदूर)

तिन्हीची बेरीज केली, तीस हजारांत बसत नाही. तूर्त कार्ड रद्द. काल जितात `Ctrl+Shift+F9` करून बघितलं, कार्डावरचा आकडा चारच्या आत राहिला.

लढाईत ती खूण होती की नाही ते मी पाहिलंच नव्हतं. पुढच्या वेळी चित्र काढून इथे टाकतो. दुसरा मॉनिटर मदरबोर्डला लावूनही मोजणार आहे, आता माझ्याकडेही दोन स्टिक आहेत. दांडियाबाजार, तुमच्याकडच्या त्या दोन विंडो कोणत्या प्रोफाइलवर असतात, हलक्या की पूर्ण?

मांजलपूरची_मेधा (बडोदा)

काका, `Disabled` च होतं. माझ्या भाच्याने बायोसमधून चालू करून दिलं. पहिले दोन आता नीट चालतात, तिसऱ्याला अडकतं. Committed ७.९/९.१ दिसतंय. हे तुमच्या त्या दुसऱ्या बिघाडासारखं आहे का?

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

अजून नाही, १.२ शिल्लक आहेत. अडकतं म्हणजे विंडो गायब होते की नुसती रखडते? आणि रखडते तेव्हा त्याच Performance मध्ये Disk किती टक्के दाखवतो? संगणकात एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, तेही लिहा.